प्रयोग ओळखा, प्रयोग बदला : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बारावीची मुलं असोत नाहीतर तलाठी-पोलीस भरतीवाले, प्रयोगावर सगळ्यांचे डाउट फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकाच जागी लिहून ठेवतोय. व्याख्या सगळ्यांच्या पाठ असतात, अडतं ते वाक्य समोर आल्यावर, त्यामुळे इथे भर वाक्यांवरच आहे.

प्रयोग ओळखायची एकच खात्रीची पद्धत कुठली?

वाक्यातला शब्द बदलून बघायचा आणि क्रियापद हलतंय का ते बघायचं, बस. प्रत्यय बघून अंदाज मारायचा नाही. आधी कर्त्याचं लिंग किंवा वचन बदला, क्रियापद बदललं तर कर्तरी. नाही बदललं तर कर्म बदला, आता क्रियापद बदललं तर कर्मणी. दोन्ही बदलून पण क्रियापद ढिम्म तर भावे.

एकच वाक्य धरून करूया. 'गवळी गाय बांधतो.' गवळ्याच्या जागी गवळण घातली की 'गवळण गाय बांधते', बांधतोचं बांधते झालं. गाईच्या जागी बैल घातला तर 'गवळी बैल बांधतो', काही फरक नाही. म्हणजे क्रियापद कर्त्याचं ऐकतंय, कर्तरी.

आता 'गवळ्याने गाय बांधली.' गवळणीने गाय बांधली, तरी बांधलीच. पण बैल घातला की बांधला, वासरू घातलं की बांधले, गाई म्हटलं की बांधल्या. क्रियापद कर्माच्या मागे फिरतंय, कर्मणी.

आणि 'गवळ्याने गाईला बांधले.' गवळणीने करा, गवळ्यांनी करा, बैलाला करा, गाईंना करा, बांधले ते बांधलेच. कुणाचंच ऐकत नाही, स्वतः नपुंसकलिंगी तृतीय पुरुषी एकवचनी होऊन बसतं, तो भावे.

कर्त्याला 'ने' दिसला की कर्मणी आणि कर्माला 'ला' दिसला की भावे, असं शिकवलंय. चालेल का?

नाही चालणार, निम्मी वाक्यं चुकतील. 'गवळी गाईला बांधतो' घ्या. कर्माला ला आहे पण गवळण घातली की बांधते होतं, म्हणजे चक्क कर्तरी. भावे होण्यासाठी दोन्ही गोष्टी लागतात, कर्ता पण प्रत्ययात अडकलेला हवा आणि कर्म पण. एकजण जरी मोकळा म्हणजे प्रथमेत असला तरी क्रियापद जाऊन त्याच्याशीच जुळतं. तो मोकळा कोण आहे हे शोधणं म्हणजेच प्रयोग शोधणं.

दुसरा घोळ दोन कर्मांचा. 'सरांनी मुलांना कविता शिकवली' यात मुलांना ला-ना वालं आहे म्हणून पटकन भावे लिहितात. पण कविता मोकळी आहे ना! कविताऐवजी धडा घाला, शिकवला. म्हणजे कर्मणी. तीच कविता काढून टाकली की 'सरांनी मुलांना शिकवले', आता कुणीच मोकळं उरलं नाही, म्हणून भावे. पेपर काढणाऱ्यांना ही जोडी फार आवडते, त्यामुळे वाक्यात ला दिसला की अजून एखादं कर्म बसलंय का ते आधी बघायचं.

'रामाने पुस्तक वाचले' आणि 'रामाने रावणाला मारले' दोन्हीकडे शेवटी 'ले', मग एक कर्मणी आणि एक भावे कसं?

सगळ्यात जास्त मार्क जातात ते इथे, म्हणून जरा सावकाश.

कर्त्याला ने-नी असलेल्या वाक्यात शेवटचं 'ले' हे लेखी मराठीत दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी येतं. एक नपुंसकलिंगी एकवचन, पुस्तक वाचले. दुसरं पुल्लिंगी अनेकवचन, आंबे खाल्ले. भावे प्रयोगातलं 'ले' हे यातलं पहिलं, पण पुस्तकसारखं नपुंसकलिंगी कर्म असलं की कर्मणीतही तेच येतं, आणि मग डोळ्याला फरकच दिसत नाही.

पहिली युक्ती, वाक्य तोंडाने म्हणा, पेपरच्या भाषेत नाही, घरी बोलतो तसं. 'मुलांनी आंबे खाल्ले' हे बोलताना पण आपण खाल्लेच म्हणतो. पण 'रामाने पुस्तक वाचले' हे आपण 'वाचलं' म्हणतो आणि 'रावणाला मारले' हे 'मारलं'. म्हणजे बोलताना ले तसाच राहिला तर ते पुल्लिंगी अनेकवचन आहे, कुठल्या तरी मोकळ्या शब्दाशी जुळलेलं, तिथे भावे असूच शकत नाही. लेचं लं झालं तर मात्र अजून एक टेस्ट लागते.

दुसरी युक्ती, कर्म स्त्रीलिंगी करून बघा. पुस्तक काढून कादंबरी ठेवा, 'रामाने कादंबरी वाचली', बदललं, कर्मणी. रावणाला काढून शूर्पणखेला ठेवा, 'मारले' तसंच, भावे. कर्म बदलताना त्याचा प्रत्यय मात्र तसाच ठेवायचा हं, 'रावणाला' काढून नुसती 'शूर्पणखा' ठेवलीत तर वाक्यच दुसरं झालं आणि टेस्ट फुकट गेली.

लेख, ग्रंथ, दगड असले शब्द एकवचन अनेकवचनात सारखेच राहतात, त्यामुळे 'तिने लेख वाचले' बघून पण पोरं गोंधळतात. बोलून बघा, 'लेख वाचलं' कोणी म्हणतं का? नाही. म्हणजे अनेक लेख आहेत, कर्मणी.

'मी आंबा खाल्ला' यात कर्त्याला 'ने' नाही, मग हे कर्तरी का नाही?

मी, तू, आम्ही, तुम्ही यांचं तृतीयेचं रूप दिसायला प्रथमेसारखंच असतं, प्रत्यय आहे पण दिसत नाही. त्यामुळे वाक्यात मी किंवा आम्ही दिसलं की पहिलं काम, तिथे 'त्याने' नाहीतर 'तिने' बसतंय का बघा. 'त्याने आंबा खाल्ला' बसलं, म्हणजे कर्ता तृतीयेत, आणि चिंच घातली की खाल्ली, म्हणजे कर्मणी. 'मी घरी गेलो' मध्ये 'त्याने घरी गेला' बसत नाही, 'तो घरी गेला' बसतं, म्हणून कर्तरी.

मग 'तू आंबा खाल्लास' चं काय? त्या शेवटच्या 'स' चं काय करायचं?

तो स 'तू' चा आहे. खाल्ला हा भाग आंब्याशी जुळतो, चिंच घातली की खाल्लीस होतं. आणि तू काढून त्याने घातलं की स गळतो, 'त्याने आंबा खाल्ला'. म्हणजे क्रियापद दोघांचंही थोडं थोडं ऐकतंय, याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. तुम्ही असेल तर त लागतो, 'तुम्ही पुस्तके वाचलीत'. पर्यायांत संकर दिला असेल तर तोच निवडायचा, दिलाच नसेल तर कर्मणी.

संकराचे अजून दोन प्रकार आहेत. 'तू घरी जायचे होतेस' हा कर्तृ-भाव संकर, कारण 'जायचे होते' हे भावे आणि त्यावर तूचा स. आणि 'आईने मुलीला शाळेत घातली' हा कर्म-भाव संकर. मुलीला ला लागलाय म्हणजे खरं तर 'घातले' यायला हवं, पण क्रियापद तरीही मुलीशी जुळलंय. बोलताना आपण हे सर्रास करतो, 'पोलिसांनी त्याला पकडला', 'मी तिला लगेच ओळखली'. बोलण्यात कुणाला खटकत नाही, पण प्रयोग बदला म्हटल्यावर उत्तरात असं लिहिलंत तर चूक धरतात, तिथे 'पकडले', 'ओळखले' असंच लिहा.

भूतकाळ आणि सकर्मक क्रियापद म्हणजे कर्मणीच ना?

बहुतेक वेळा हो, पण काही क्रियापदं ऐकत नाहीत. 'ती साडी नेसली.' साडी कर्म आहे, काळ भूत आहे, तरी 'तिने साडी नेसली' आपण म्हणत नाही. तो धोतर नेसला, ती धोतर नेसली, कर्ता बदलला की बदलतं, कर्तरी. तसंच 'मी छत्री विसरलो', 'ती कविता शिकली', 'तो खोटं बोलला', 'ती दोन पोळ्या जेवली'. शिकणे, विसरणे, बोलणे, नेसणे, जेवणे ही पाच निदान लक्षात ठेवाच.

पिणे मध्ये मजा आहे. 'ती चहा प्यायली' हे कर्तरी, पण बऱ्याच भागांत 'तिने चहा पिला' असं बोलतात आणि त्या वाक्याला टेस्ट लावली तर ते कर्मणी येतं, कारण कॉफी पिली. परीक्षेत प्रमाण रूप येतं, म्हणून प्यायला-प्यायली धरून चला. आणि म्हणणे ला तर दोन भूतकाळ आहेत, 'तो म्हणाला' कर्तरी आणि 'त्याने कविता म्हटली' कर्मणी.

'तो पुस्तक वाचू लागला' हे सकर्मक, भूतकाळ, मग कर्मणी का येत नाही?

कारण संयुक्त क्रियापदात निर्णय शेवटचं क्रियापद घेतं, मधलं नाही. लागणे, शकणे ही कर्त्याला ने लावू देत नाहीत, म्हणून 'ती पुस्तक वाचू लागली', 'ती पुस्तक वाचू शकली', सगळं कर्तरी. पण शेवटी टाकणे, घेणे, ठेवणे असेल तर 'त्याने पुस्तक वाचून टाकले', 'कादंबरी वाचून टाकली', कर्मणी.

कर्तरीचं कर्मणी करायचं तर नक्की काय काय बदलायचं?

तीन गोष्टी. कर्त्याला ने किंवा नी लावा, कर्म मोकळं करा म्हणजे ला असेल तर काढा, आणि क्रियापद त्या कर्माच्या लिंग-वचनाला जुळवा. 'सुतार खुर्च्या करतो' याचं 'सुताराने खुर्च्या केल्या'. आता लगेच प्रश्न येतो की काळ बदलला, चालतं का? पेपरात नुसतं 'कर्मणी प्रयोग करा' असं असेल तर हे उत्तर चालतं, कारण वर्तमानकाळात ने वाला कर्ता मराठी घेतच नाही, 'सुताराने खुर्च्या करतो' असं काही होत नाही.

काळ न बदलता हवं असेल तर 'कडून' आणि जाणे वापरा, 'सुताराकडून खुर्च्या केल्या जातात'. हा नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी. उत्तर म्हणून बरोबर आहे, पण घरी कोणी असं बोलत नाही, सरकारी पत्रात आणि बातम्यांतच जास्त, त्यामुळे मी तरी पोरांना आधी ने वालं उत्तर लिहायला सांगतो आणि काळ तोच ठेवा अशी सूचना असेल तरच हे.

तिसरा रस्ता विध्यर्थाचा. 'सुताराने खुर्च्या कराव्या.' टेबल घातलं की करावे, पलंग घातला की करावा, म्हणजे कर्मणीच. नेसणे-शिकणे वाल्या हट्टी क्रियापदांना हा रस्ता उपयोगी पडतो, कारण त्यांचा भूतकाळ कर्तरीच राहतो पण 'तिने साडी नेसावी', 'तिने कविता शिकावी' हे छान कर्मणी होतं.

आणि कर्मणीचं भावे?

कर्माला ला किंवा ना लावा आणि क्रियापद बोलण्यातल्या 'लं' वालं म्हणजे नपुंसकलिंगी एकवचनी करा. 'पोलिसांनी चोर पकडला', 'पोलिसांनी चोराला पकडले'. उलट भावेचं कर्मणी करताना ला काढा आणि क्रियापद कर्माला जुळवा.

पण हे सगळीकडे जमत नाही. कर्म माणूस किंवा प्राणी असेल तर ला सहज लागतो, वस्तू असेल तर वाक्य विचित्र होतं. 'सुताराने खुर्च्यांना केले' असं लिहिलंत तर व्याकरणाचे नियम पाळूनही ते मराठी नाही. उलट बाजूला पण अडतं, 'सरांनी मुलांना अडवले' याचं 'सरांनी मुले अडवली' होतं, पण 'त्याने मला अडवले' मधला मला मोकळा करून 'त्याने मी अडवलो' होत नाही. मी, तू कर्म असतील तर ला काढता येत नाही, तिथे हवंच असेल तर 'त्याच्याकडून मी अडवला गेलो'.

अकर्मक वाक्याचं कर्मणी होतं का?

कर्मच नाही तर क्रियापद जुळणार कुणाशी? नाही होत. 'मुले खेळतात' चं कर्मणी करा असा प्रश्न आला तर प्रश्नच चुकलाय. भूतकाळ केला तरी 'मुले खेळली', कर्तरीच. भावे मात्र होतं, 'मुलांनी खेळावे'. किंवा शक्यता दाखवायची असेल तर 'मुलांना खेळवते'. त्यात मुलगी, मुलगा, मुलगे काहीही घाला, क्रियापद तेच.

'मला डोंगर चढवतो' आणि 'मला डोंगर दिसतो' सारखीच वाक्यं दिसतात, प्रयोग एकच का नाही?

क्रियापदाचा धातू घेऊन त्याला 'णारा' लावून विचारा, म्हणजे खरा कर्ता सापडतो. चढणारा कोण? मी. म्हणजे कर्ता 'मला', डोंगर हे कर्म, आणि टेकडी घातली की चढवते, म्हणून शक्य कर्मणी. दिसणारा कोण? डोंगर. म्हणजे कर्ताच डोंगर, क्रियापद त्याच्याशी जुळतंय, अकर्मक कर्तरी. 'मला थंडी वाजते' पण तसंच, वाजणारी थंडी. 'मला' कुठल्या जागी आहे यावरून काही ठरत नाही.

कर्ताच नसलेलं वाक्य असतं का?

असतं. 'आज सारखं गडगडतंय', 'लवकर उजाडलं', 'मला मळमळतंय'. कोण गडगडतं याला उत्तर नाही. हे अकर्तृक भावे. यांचं रूपांतर करायच्या फंदात पडू नका, होत नाही. 'पाऊस पडतोय' मात्र यात नाही, तिथे पडणारा पाऊस आहे, सर पडतेय, कर्तरी.

सरावाला काही वाक्यं द्या, उत्तरासकट आणि कारणासकट.

उत्तर झाकून आधी स्वतः करा.

'मी चहा केला.' कर्मणी. मीच्या जागी तिने बसतं, आणि कॉफी केली.

'मी भाजी आणायला विसरले.' कर्तरी. बोलणारा पुरुष असेल तर विसरलो, शेवटचं क्रियापद विसरणे आहे, भाजीचं कुणी विचारत नाही. इथलं 'ले' बोलताना पण ले च राहतं, ते स्त्रीलिंगी 'मी' चं आहे.

'पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना अडवले.' भावे. मोकळं कुणीच नाही.

'आजीने नातवाला लाडू दिले.' कर्मणी. लाडू मोकळे आहेत, बोलताना 'लाडू दिले' च, करंज्या असत्या तर दिल्या. भावे लिहिलं असेल तर वरचा दोन कर्मांचा मुद्दा परत बघा.

'तू माझी वही फाडलीस.' कर्तृ-कर्म संकर.

'त्याचा डबा खाऊन झाला.' समापन कर्मणी. पोळी खाऊन झाली, पोहे खाऊन झाले. क्रिया संपली हे सांगणारं वाक्य आणि कर्त्याला चा-ची लागलेलं, एवढी खूण पुरते.

'आजोबांना आता जिना चढवत नाही.' शक्य कर्मणी, आणि हे मुद्दाम शेवटी ठेवलंय. नकारामुळे क्रियापदाचं लिंग लपतं, जिना पण चढवत नाही आणि टेकडी पण चढवत नाही, त्यामुळे टेस्ट लावल्यावर भावे वाटतं. अशा वेळी आधी होकारार्थी करा, 'जिना चढवतो', 'टेकडी चढवते'. किंवा नकार तसाच ठेवून कर्म अनेकवचनी करा, 'आजोबांना पायऱ्या चढवत नाहीत', त्या शेवटच्या त वरून कळतं की क्रियापद पायऱ्यांशी जुळतंय.